मीटरवर 70, तरी पोट बिघडतंय: टीडीएस बघून पाणी चांगलं का ठरवता येत नाही

दर पावसाळ्यात तक्रार तीच येते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातला एखादा पाहुणा सांगतो, "अण्णा, घरात चौघांना जुलाब लागलेत, पण पाण्याचा दोष नाही. मीटर घालून बघितलं, 70 दाखवतंय." उन्हाळ्यात अथणी, चिकोडीकडून उलटं ऐकू येतं. "बोअरला 840 आलंय, हे पाणी प्यायचं कसं? मशीन बसवूया का?" दोघांच्याही हातात तेच दीड-दोनशे रुपयांचं पेनासारखं मीटर असतं आणि दोघांनी त्याला एकच प्रश्न विचारलेला असतो. त्या मीटरला तो प्रश्न कळतच नाही.

मीटर नेमकं काय मोजतं ते आधी बघू. टोकाला दोन छोटे धातूचे खांब असतात. त्यांच्यामधून पाण्यात किती वीज वाहते एवढंच ते मोजतं. पाण्यात विरघळलेले क्षार विद्युतभार घेऊन फिरतात, म्हणून क्षार जास्त तेवढी वीज जास्त. मग मीटर त्या विजेच्या आकड्याला एका ठरलेल्या गुणकानं गुणतं आणि टीडीएस म्हणून, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम पदार्थ विरघळलेत असं, दाखवतं. हा गुणक कुठल्या मीटरमध्ये 0.5 असतो, कुठल्यात 0.7. त्यामुळे एकाच घागरीतल्या पाण्याला तुमचं मीटर 350 म्हणतं आणि शेजाऱ्याचं 490, आणि दोन्ही मीटर बिघडलेली नसतात. निप्पाणीत दोन भावांत यावरून वाद झालेला मी बघितलाय.

घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट आहे. एक लिटर पाणी घ्या, आकडा बघा. त्यात एक चमचा साखर घालून पूर्ण विरघळू द्या. पाच ग्रॅम तरी साखर गेली, म्हणजे विरघळलेला पदार्थ पाच हजार मिलिग्रॅमनं वाढला. मीटर जवळजवळ हलत नाही, कारण साखरेवर विद्युतभार नसतो. आता दुसऱ्या लिटरभर पाण्यात नुसती चिमूटभर मीठ टाका. आकडा दोन-तीनशेनं उडी मारतो. साखरेच्या ठिकाणी कीटकनाशक समजा किंवा कॉलऱ्याचे जंतू समजा. बहुतेक कीटकनाशकांवर भार नसतो आणि जंतू तर विरघळलेला क्षारच नव्हे. शिसं, आर्सेनिक यांना भार असला तरी त्यांची घातक मात्रा इतकी बारीक असते की आकड्यात दिसतच नाही. शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. ती दहापट ओलांडली तरी 0.1 मिलिग्रॅम होईल, आणि आपलं मीटर पूर्ण अंकाखाली काही दाखवत नाही.

भारतीय मानकात (आयएस 10500) टीडीएसची स्वीकार्य मर्यादा 500 आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. हे आकडे मुख्यतः चव, भांड्यावर बसणारा थर, पोटाला होणारा जडपणा यांवरून आलेत. जागतिक आरोग्य संघटनेनं टीडीएससाठी आरोग्याच्या दृष्टीनं मर्यादाच ठेवलेली नाही. तरी लोक 500 च्या आत म्हणजे सुरक्षित असं समजतात. त्याच मानकात ई. कोलाय हा जंतू 100 मिलिलिटर पाण्यात एकही सापडू नये असं लिहिलंय, ते कोणी वाचत नाही.

खानापूरकडची विहीर: आकडा उतरतो तेव्हाच धोका चढतो

आता एक विहीर नीट बघूया. जंगलाकाठची वस्ती, जांभ्या दगडाची जमीन, सात-आठ घरांची एक विहीर. व्यास 3 मीटर. मे महिन्यात तळाला जेमतेम दीड मीटर पाणी, मीटरवर 118. जुलैत पाणी 4 मीटरपर्यंत चढलं आणि मीटरवर 62 आलं. वस्तीवरच्या लोकांचा निष्कर्ष सरळ होता, की पावसाळ्यात आमचं पाणी अजून गोड होतं. आणि दर जुलैला जुलाब. "पावसात बाधतंच, हवा बदलते," असं वहिनी म्हणाल्या.

आकडा उतरण्याचं कारण सोपं आहे. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. ते विहिरीत उतरलं की जुनं क्षारयुक्त पाणी पातळ होतं. पण ते पाणी विहिरीत येतं कुठून? जांभा सच्छिद्र असतो, त्यात भेगा आणि पोकळ्या असतात. मातीतून हळूहळू झिरपताना पाणी जसं गाळलं जातं तसं इथे होत नाही, ते पोकळीतून धावत येतं. वरच्या अंगाला, उतारावर, बारा-पंधरा पावलांवर दोन संडासांचे शोषखड्डे होते. जमीन पाण्यानं तुडुंब भरली की खड्ड्यातलं पाणी त्याच भेगांतून विहिरीकडे येतं. शिवाय विहिरीच्या कठड्याजवळचा ओटा फुटलेला होता, भांडी घासलेलं पाणी परत आत जात होतं. म्हणजे ज्या पावसानं आकडा 118 वरून 62 वर आणला, त्याच पावसानं मैला आत आणला. थोडासा मैला मिसळल्यानं क्षार किती वाढणार? पाच-दहा. पावसानं त्याहून कितीतरी जास्त कमी केलेले असतात. त्यामुळे मीटरवर सगळं सुधारल्यासारखंच दिसतं.

खात्री करायला एच-टू-एस बाटली लावली. ही छोटी काचेची बाटली असते, आत औषध लावलेला कागद. जलजीवन मिशनच्या तपासणी संचात ती येते, गावातल्या काही बायकांना ती वापरायचं शिकवलेलं असतं. पंचायतीत पीडीओंकडे किंवा वॉटरमनकडे विचारा. खुणेपर्यंत पाणी भरायचं, बाटलीच्या तोंडाला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, झाकण घट्ट करून उबदार जागी ठेवायची. पाणी काळं झालं तर मैल्यातले जंतू असण्याची दाट शक्यता. 24 तासांत नाही झालं तर 48 तासांपर्यंत थांबायचं. पावसाळ्यात घर गारठलेलं असतं, तेव्हा घाईनं निकाल लावू नका. आमची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी शाईसारखी काळी झाली होती. विहिरीवर वास नाही, रंग नाही, मीटरवर 62.

या बाटलीच्याही मर्यादा आहेत. पाण्यात क्लोरीन शिल्लक असताना लावली तर काळी होत नाही. काही खोल बोअरच्या पाण्यात मुळातच कुजक्या अंड्यासारखा वास असतो, तिथं जंतू नसतानाही काळी पडते. म्हणून शंका राहिली तर प्रयोगशाळेत ई. कोलायची तपासणी करून घ्यावी. पण काळ्या बाटलीनंतर अहवाल येईपर्यंत तेच पाणी पीत बसायचं नाही.

त्या दिवशी टीसीएल, म्हणजे क्लोरीन देणारी ब्लीचिंग पावडर टाकली. हिशेब असा. व्यास 3 मीटर, पाण्याची खोली 4 मीटर, म्हणजे साधारण 28 घनमीटर, 28 हजार लिटर पाणी. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर धरली तर 70 ग्रॅम. पावडर थेट विहिरीत फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात घोळून लगदा करायचा, मग पाणी वाढवून ढवळायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. खाली चुना बसतो. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत ओतून दोरीनं ती बादली पाण्याखाली सोडायची आणि वर-खाली हलवायची. एक तास कोणी पाणी काढायचं नाही. तासानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का हे बघायचं. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळा रंग आला पाहिजे, आणि तो डबीवरच्या पट्टीशी जुळवून 0.5 तरी दिसायला हवा.

पहिल्यांदा रंग आलाच नाही. पाणी गढूळ होतं, त्यातला गाळ आणि घाण यांनीच क्लोरीन खाल्लं. पावडरचं पोतंही उघडं पडलेलं होतं. दमट हवेत टीसीएलचा जोर महिन्या-दीड महिन्यात उतरतो, वास मंद झालेला असेल तर पावडर मेली समजा. नवीन पाकीट आणून परत मात्रा दिली तेव्हा पिवळा रंग टिकला. मग मजेची गोष्ट बघा. 28 हजार लिटरमध्ये 70 ग्रॅम, म्हणजे लिटरला अडीच मिलिग्रॅम. सकाळी 62 असलेलं मीटर दोन मात्रांनंतर संध्याकाळी 66 दाखवत होतं. आकड्याकडे बघून निवड केली असती तर सकाळचं पाणी जास्त चांगलं ठरलं असतं.

क्लोरीन हा तात्पुरता इलाज. पाऊस चालू आहे तोपर्यंत खड्ड्यातून पाणी येतच राहणार, म्हणून टीसीएल रोज लागते आणि ओटी टेस्टही रोज. घरात पिण्याचं पाणी खळखळ उकळून घ्यायचं. कायमचं काम म्हणजे ओटा बांधून सांडपाणी लांब नेणं आणि वरच्या अंगाचे खड्डे हलवणं. विहिरीपासून खड्डा किती लांब हवा असं सगळे विचारतात. मातीच्या जमिनीसाठी सांगितलेलं अंतर जांभ्यात पुरेसं आहे असं मी तरी म्हणणार नाही, कारण एखादी भेग सगळं अंतर खाऊन टाकते. खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला असणं जास्त महत्त्वाचं.

अशा पाण्याला आरओ मशीन विकणारेही येतात. 62 चं पाणी आरओतून काढून 6 वर आणलं तर मीटर खूश होतं, पण तुमचा रोग जंतूंचा आहे, क्षारांचा नाही. इथं उकळणं पुरतं. वीज असेल आणि पाणी साफ असेल तर यूव्ही दिव्याचं मशीनही पुरतं. गढूळ पाण्यात मात्र यूव्हीचा प्रकाश पोचत नाही, आधी गाळून घ्यावं लागतं.

विक्रेत्याकडे अजून एक खेळ असतो. दोन ग्लासांत दोन कांड्या बुडवून वीज सोडतो. तुमच्या ग्लासात तपकिरी-हिरवा गाळ येतो, त्याच्या ग्लासातलं पाणी स्वच्छ राहतं. तो गाळ पाण्यातला नसतो, लोखंडाची कांडीच झिजून आलेला गंज असतो. त्याच्या ग्लासात क्षार नाहीत, म्हणून वीज वाहत नाही आणि कांडी झिजत नाही. त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तोही घाण होईल.

उसाच्या पट्ट्यातली बोअर: मशीन लागलं, आकडा सुधारला, तरी शंका राहते

आता कृष्णा आणि दूधगंगेच्या बाजूला या. काळी माती, ऊस, भरपूर पाणी, भरपूर युरिया. इथं 700-800 चा आकडा नवलाचा नाही. त्यातला मोठा भाग कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट यांचा असेल तर चहा फिका लागेल, कुकरला पांढरा थर बसेल, डाळ लवकर शिजणार नाही, पण तेवढ्यानं कोणी आजारी पडत नाही. तोच 800 खतातून झिरपणाऱ्या नायट्रेटमुळे वाढलेला असेल तर गोष्ट वेगळी. नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम, आणि इथं "दुसरा स्रोत नसेल तर" अशी सवलतही नाही. मीटर दोन्ही पाण्यांना 800 च म्हणतं. नायट्रेटला चव नाही, वास नाही, रंग नाही. जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना, विशेषतः बाटलीच्या दुधात हे पाणी कालवलं तर. रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही आणि बाळ निळसर दिसू लागतं.

इथं आरओ मशीनला अर्थ आहे, पण त्याच्यातल्या एका स्क्रूकडे लक्ष द्या. मशीनमध्ये टीडीएस अ‍ॅडजस्टर नावाचा छोटा कॉक असतो. मशीनमधल्या क्षार अडवणाऱ्या पडद्यातून गेलेल्या पाण्याला चव राहत नाही, म्हणून मेकॅनिक तो कॉक उघडून थोडं कच्चं पाणी त्यात मिसळतो आणि मीटरवर 200-250 आलं की "बरोबर झालं, मामा" म्हणून जातो. हिशेब करून बघू. समजा कच्च्या पाण्याचा टीडीएस 840 आणि त्यात नायट्रेट 140. पडद्यातून आलेल्या पाण्याचा टीडीएस 40, नायट्रेट 20. नायट्रेट पडद्याला इतर क्षारांएवढं नीट अडत नाही, म्हणून ते थोडं जास्त राहतं. कॉक उघडून एक भाग कच्चं आणि तीन भाग गाळलेलं असं मिसळलं. टीडीएस झाला 240, एकदम छान. नायट्रेट झालं 50. पडद्यानं मर्यादेच्या आत आणलेलं पाणी स्क्रूनं परत बाहेर काढलं, आणि मीटरनं त्याला शाबासकी दिली.

त्यामुळे बोअरच्या पाण्याची नायट्रेटची तपासणी झाल्याशिवाय तो कॉक उघडू देऊ नका. तपासणी संचातल्या नायट्रेटच्या थेंबांनी रंग बघून अंदाज येतो. आकडा हवा असेल तर प्रयोगशाळा. फ्लोराइडचंही तिथंच सांगून टाका. त्याची स्वीकार्य मर्यादा 1, दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅम. फ्लोराइड 1 वरून 3 झालं तर दात-हाडांचा प्रश्न उभा राहतो, पण मीटरवर अगदी थोडाच फरक पडेल. तेवढा फरक नुसतं मीटर वर-खाली केलं तरी पडतो.

उकळण्याचा सल्ला खानापूरच्या विहिरीला बरोबर आणि इथं उलटा लागू पडतो. नायट्रेट, फ्लोराइड उकळून उडून जात नाहीत. पाणी आटतं आणि तेवढंच नायट्रेट कमी पाण्यात उरतं. कडक पाणी उकळलं की मात्र तळाला चुना बसतो आणि मीटरचा आकडा थोडा खालीही येऊ शकतो. म्हणजे नायट्रेट घट्ट झालं आणि आकडा उतरला, हेही घडू शकतं.

मग मीटर फेकून द्यायचं का?

नाही, ते दोन कामांना चांगलं आहे. आरओ मशीनचा पडदा ठीक आहे का हे त्यानं कळतं. कॉक पूर्ण बंद करून, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचा आकडा बघा. 840 चं 40 येत होतं आणि आता 150 यायला लागलं तर पडदा संपत आलाय किंवा कुठंतरी सील गळतंय. मशीन रात्रभर बंद असेल तर पहिला ग्लास ओतून द्या, मग मोजा. त्या पहिल्या ग्लासाचा आकडा नेहमी जास्त येतो आणि लोक विनाकारण पडदा बदलतात.

दुसरं काम, तुमच्याच विहिरीतला बदल ओळखणं. एकच मीटर, आठवड्यातून एकदा, त्याच वेळी मोजायचं आणि भिंतीवर लिहून ठेवायचं. पावसाळ्यात आकडा उतरायला हवा त्याऐवजी 62 चं एकदम 110 झालं, तर बाहेरून काहीतरी क्षारयुक्त आत येतंय. गोठ्याचं पाणी असेल, खड्डा फुटला असेल, खताचं पोतं भिजलं असेल. कारण मीटर सांगणार नाही, पण बाटली लावायची वेळ झाली एवढं कळेल. आकडा उतरला म्हणून बाटली लावायची नाही असं मात्र करू नका, कारण जुलाबाचे दिवस तेच असतात.

प्रयोगशाळेत नमुना नेताना एक अडचण नेहमी होते. जंतूंच्या तपासणीसाठी त्यांच्याकडूनच निर्जंतुक बाटली आणावी लागते. धुतलेली शीतपेयाची बाटली चालत नाही. नमुना बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा, 24 तासांच्या पुढे गेला तर उपयोग नाही. शनिवारी दुपारी नेलात तर सोमवारपर्यंत बाटली तशीच पडून राहते, म्हणून सोमवार ते बुधवार सकाळी न्या. बोअरसाठी तिथल्या माणसाला "टीडीएस बघा" एवढंच म्हणू नका. नायट्रेट, फ्लोराइड आणि ई. कोलाय ही तीन नावं चिठ्ठीवर लिहून द्या. विहिरीसाठी ई. कोलाय आणि गढूळपणा आधी. विहिरीचं पाणी पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवडाभरात तपासा आणि शोषखड्डा उपसला की पुन्हा एकदा. बोअरचं एकदा मे महिन्यात आणि एकदा उसाला खत टाकून पाऊस ओसरल्यावर.